वाचनालयासाठी पंचवीस हजार सहाशे

गावच्या शाळेसाठी ऑनलाइन वर्गणी मागणारी बहुतेक आवाहने एकसारखी असतात. अनवाणी मुलाचा फोटो, ‘आपला खारीचा वाटा’ आणि एक गोल आकडा : एक लाख. हा लाख कशाचा, हे आवाहनात कुठेच सापडत नाही. देणारा शंभर-दोनशे रुपये पाठवतो आणि विसरून जातो, कारण लक्षात ठेवण्यासारखे त्याला काही सांगितलेलेच नसते.

त्यापेक्षा एक साधे गणित मांडून पाहू. समजा, पहिली ते चौथीची दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे आणि पटावर बेचाळीस मुले आहेत. सरासरी 75 रुपयांची 240 पुस्तके घेतली तर 18,000 रुपये होतात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. लोखंडी रॅकवर मात्र तो 18 टक्के आहे, म्हणून चार हजारांचे दोन रॅक 9,440 रुपयांना पडतात. वाहतूक, कव्हरे, चिकटपट्टी आणि नोंदवह्यांना 2,560 धरले की बेरीज होते बरोबर तीस हजार.

आता यातून वजाबाकी करायची. ‘समग्र शिक्षा’ योजनेत प्राथमिक शाळेला वाचनालयासाठी पाच हजारांपर्यंत अनुदान मिळू शकते. ते मिळाले असेल, तर आवाहनात तसे लिहायला हवे. अनेकांना वाटते की सरकारी पैशांचा उल्लेख केला तर देणाऱ्याचा हात आखडेल. पण हेच अनुदान त्याला नंतर दुसरीकडून कळले, तर बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो.

उरले पंचवीस हजार. पैसे जमा करून देणारी सेवा दोन टक्के शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी घेत असेल, तर शंभरातले 2 रुपये 36 पैसे वाटेतच जातात. म्हणून मागायचे 25,600. हा विचित्र दिसणारा आकडाच सांगतो की मागणाऱ्याने हिशेब केला आहे. काही संकेतस्थळे देणगीवर स्वतःसाठी ‘टिप’ही आधीच भरून ठेवतात. ती शाळेला मिळत नाही आणि शून्य करता येते, हे आवाहनातच सांगून टाकावे.

पैसे कोणाच्या खात्यात जातात, हा पुढचा प्रश्न. उत्साही गुरुजी स्वतःचाच क्यूआर कोड टाकतात. हेतू स्वच्छ असला तरी वैयक्तिक खात्यात आलेली वर्गणी पगारात आणि किराण्यात मिसळते. शाळा व्यवस्थापन समितीचे खाते त्यासाठीच आहे. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि मुख्याध्यापक सचिव. समितीच्या ठरावाची तारीख आवाहनात दिली की मागणी एका माणसाची राहत नाही, गावाची होते.

करसवलतीबाबत जपून बोलावे. 80जी प्रमाणपत्र असलेल्या संस्थेमार्फत पैसे येत असतील तरच ते नाव घ्यावे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही. दोन हजारांवरची रोख देणगी आणि वस्तुरूपाने दिलेली पुस्तके तिच्यात बसत नाहीत. परदेशातल्या गावकऱ्यांचे पैसे हे आणखी नाजूक प्रकरण. भारतीय नागरिकत्व राखलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण ज्याने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले, त्याचे पैसे कायद्याने परकीय देणगी ठरतात. त्यासाठीची नोंदणी नसेल तर कितीही जवळचा भाऊबंद असला तरी नम्रपणे नाही म्हणायचे.

आवाहन वाचून कोणी ना कोणी विचारतोच, ‘घरात पुस्तके पडून आहेत, पाठवू का?’ होकार दिला की पोत्यांतून येतात जुनी गाइडे, स्पर्धा परीक्षांचे संच आणि वाळवी लागलेल्या कादंबऱ्या. पहिली-दुसरीच्या मुलाला लागते मोठ्या अक्षरांचे, पानावर दोन-तीन ओळींचे, चित्रांचे पुस्तक. म्हणून प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट यांच्या सूचींतून निवडलेली यादीच जोडावी आणि त्याबाहेरचे घेणार नाही असे लिहावे. हे उद्धट वाटेल, पण पाठवणाऱ्याचा टपालखर्च वाचतो.

मुलांचे फोटो टाकायचेच असतील तर पालकांना विचारून, नावांशिवाय. रिकाम्या कोपऱ्याचा फोटोही तेवढेच सांगतो.

आणि रक्कम पूर्ण जमली नाही तर? याचे उत्तर पहिल्याच दिवशी दिलेले असावे : पंधरा हजारांवर अडले तर एकच रॅक आणि तेवढ्यात बसतील तितकी, आधी लहान वर्गांची पुस्तके. जास्त आले तर पुढच्या वर्षीची खरेदी; रंगरंगोटी नव्हे. खरेदी झाली की बिलांची छायाचित्रे आणि दाखल नोंदवहीतले क्रमांक देणाऱ्यांना पाठवावेत. तीन महिन्यांनी आणखी एक पत्र : किती पुस्तके घरी गेली, कोणती कोणी उघडलीच नाहीत, किती फाटली, किती हरवली. हरवलेल्यांची संख्या शून्य असेल तर जाणकार देणगीदाराला शंका येईल की पुस्तके कपाटात कुलूपबंद आहेत.