रात्रीच्या फोनचा हिशेब : ऑन-कॉलची पाळी किती जणांची?
लेखमाला : सेवा चालू ठेवताना – लेखांक ६

मागच्या लेखांकात कोणता अलर्ट माणसाला उठवण्याच्या लायकीचा, हे पाहिलं. या वेळचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. तो फोन घ्यायला किती माणसं हवीत, आणि पहिल्याने उचलला नाही तर किती मिनिटांनी दुसऱ्याला लागावा?

बहुतेक ठिकाणी याचं उत्तर उलट्या दिशेने काढलं जातं. टीममध्ये सहा जण आहेत, मग प्रत्येकाचा आठवडा सहा आठवड्यांनी येईल. एस्केलेशनला पंधरा मिनिटं, कारण टूलमध्ये तसंच भरलेलं होतं. काम किती आहे याची चौकशी यात कुठेच नाही. ती करायची सामग्री मात्र प्रत्येक टीमकडे असते. पेजिंगच्या टूलमधून गेल्या तिमाहीची नोंद काढता येते, आणि त्यात अलर्ट कधी आला, कुणी कधी अ‍ॅक केला आणि कधी बंद झाला, हे सगळं असतं.

हिशेबासाठी एक कल्पित टीम घेऊ. अंधेरी पूर्वेला ऑफिस, पेमेंटची सेवा, सहा इंजिनिअर. कुणी बोरिवलीचं, कुणी घाटकोपरचं, दोघं मुलुंडची. तेरा आठवड्यांत पेजरवर १,०९२ अलर्ट आले आहेत, म्हणजे रोज बारा. हा आकडा घाबरवतो, पण पाळी आखायला तो निरुपयोगी आहे. डेटाबेस मंदावला की त्याच्यावर अवलंबून असलेल्या प्रत्येक सेवेचा अलर्ट वाजतो. अलर्ट चाळीस, पण बिघाड एक आणि माणूसही एकदाच उठतो. म्हणून आधी एका कारणाचे, अर्ध्या तासाच्या आत आलेले अलर्ट एकत्र बांधायचे. तसं केल्यावर आपल्या टीमच्या २६० घटना उरतात, आठवड्याला वीस. त्यातल्या १३० ऑफिसच्या वेळेतल्या, ७८ सकाळ-संध्याकाळच्या आणि ५२ रात्री अकरा ते सहा या वेळेतल्या.

पाळीचा आकार ठरवणारा आकडा हा ५२ आहे. त्याची सरासरी आठवड्याला चार पडते आणि ‘चालेल की’ असं वाटतं. पण आठवडे एकेक करून मांडले, की चित्र बदलतं. सर्वात शांत आठवड्यात एकच फोन होता, मधल्या आठवड्यात तीन, शेवटून दुसऱ्यात सात आणि सर्वात वाईट आठवड्यात दहा. ज्याच्या वाट्याला दहाचा आठवडा आला, त्याच्या झोपेला सरासरीचा काही उपयोग नाही. मी आखणी नेहमी शेवटून दुसऱ्या आठवड्यावर करते, इथे सातवर. सर्वात वाईट आठवडा एखाद्या अपवादाने फुगलेला असू शकतो, आणि सरासरीवर आखलेली पाळी पहिल्याच महिन्यात कोलमडते.

आता रात्री मोजू. ९१ रात्रींपैकी ५५ शांत गेल्या. २६ रात्री एकेक फोन, सात रात्री दोन-दोन आणि तीन रात्री चार-चार. या तीन रात्रींवर थांबायला हवं. फोन निव्वळ योगायोगाने, एकमेकांशी संबंध नसताना येत असते, तर रात्रीला सरासरी ०.५७ या वेगाने चार किंवा अधिक फोनांची रात्र चार तिमाहींत एखादीच दिसली असती. इथे एका तिमाहीत तीन आहेत. तारखा पाहिल्या तर तिन्ही महिन्याच्या पहिल्या तारखेच्या रात्री निघतात. पगार, ईएमआय, एसआयपी यांचा बोजा त्याच दिवशी एकदम येतो.

असा गठ्ठा पाळीत माणसं वाढवून सुटत नाही. महिन्याची पहिली तारीख कॅलेंडरवर असतेच, तेव्हा त्या रात्री दोघांना ठरवून जागं बसवायचं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी द्यायची. झोपेतून चारदा उठणं आणि ठरवून एक रात्र काम करणं यांत शरीराला मोठा फरक पडतो. म्हणून ते बारा फोन ऑन-कॉलच्या हिशेबातून बाहेर काढायचे.

उरले चाळीस. त्यांची एकेक नोंद उघडून दोन प्रश्न विचारायचे. माणसाने लॉगिन होऊन काही केलं का? आणि ते सकाळी नऊला केलं असतं तर कुणाचं नुकसान झालं असतं का? आपल्या टीमच्या नोंदीत सतरा घटना आपोआप मिटलेल्या निघतात, कुणी बोटही न लावता. आणखी अकरा डिस्क सत्तर टक्के भरल्यासारख्या, सकाळपर्यंत थांबणाऱ्या. सतरा बंद करताना एक काळजी घ्यायची. आपोआप मिटला तरी त्या दहा मिनिटांत ग्राहकांचे व्यवहार अडकले असतील, तर तो अलर्ट बंद करायचा नाही, त्यामागचा बिघाड शोधायचा. हे सगळं वजा जाता बारा फोन उरतात, आठवड्याला जेमतेम एक. तिमाहीला ५२ वर आखलेली पाळी आणि १२ वर आखलेली पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलर्ट न छाटता माणसं मागायला जाणारी टीम चुकीच्या आकड्यासाठी भांडत असते.

मग सहा जण पुरतील का? फोनांच्या हिशेबाने पुरतील. पण ऑन-कॉलचा भार फक्त फोनांचा नसतो. फोन आला नाही तरी माणूस बांधलेला असतो. लॅपटॉप घेऊन लग्नाला जायचं, नाटकाचं तिकीट काढायचं नाही. गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ या पुस्तकात दोन मर्यादा दिल्या आहेत. बारा तासांच्या पाळीत दोनपेक्षा जास्त घटना नकोत, कारण शोध, दुरुस्ती आणि नंतरचा लेखाजोखा धरून एका घटनेला सरासरी सहा तास जातात. आणि कुणाचाही चौथा हिस्सा वेळेपेक्षा जास्त वेळ ऑन-कॉलला जाऊ नये. प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन खुर्च्या, आठवड्याची पाळी आणि एकच ठिकाण धरलं, तर दुसऱ्या मर्यादेतून किमान आठ माणसं निघतात. सहा जणांत दोन खुर्च्या म्हणजे प्रत्येक जण तिसरा हिस्सा वेळ बांधलेला.

माझ्या मते अशा टीमने दोन नव्या नेमणुकांची वाट पाहू नये. शेजारच्या सेवेच्या टीममधले दोघं सेकंडरीच्या खुर्चीसाठी तयार करावेत, आणि त्यांना महिनाभर दिवसाच्या पाळीत सोबत बसवावं. चार किंवा कमी माणसं असतील, तर रात्रीची हमी देऊच नये, व्यवसायाच्या लोकांना तसं स्पष्ट लिहून द्यावं. कागदावरची आठ माणसं वर्षभर आठ राहत नाहीत, हेही धरायला हवं. गणपतीत दोघं कोकणात गेले आणि गावी रेंज नाही, की सहा उरतात. सप्टेंबरचं रोस्टर जुलैत बसवलेलं बरं.

आता एस्केलेशन. हा हिशेब शेवटाकडून मागे यायचा. समजा, सेवा वीस मिनिटं बंद राहिली तर खरं नुकसान सुरू होतं. उठून लॅपटॉप उघडून व्हीपीएनला जोडायला पाच मिनिटं जातात, म्हणजे माणूस मिळायला पंधरा मिनिटं उरली. नोंदीत पाहिलं, तर रात्री दहापैकी नऊ वेळा अ‍ॅक चार मिनिटांत झालेला आहे. म्हणून प्रायमरीला पाच मिनिटं, सेकंडरीला पाच, आणि दहाव्या मिनिटाला तिसरा माणूस, बहुधा टीम लीड. त्याने चार मिनिटांत उचललं तरी चौदा आणि पाच मिळून एकोणीस मिनिटं होतात, वीसच्या आत. टूलमधली पंधरा मिनिटं तशीच ठेवली असती, तर सेकंडरीचा फोन वाजेपर्यंतच सगळी मुदत संपली असती.

मात्र अ‍ॅकची वेळ फसवी असते, आणि उपनगरांत ती विशेष फसवते. आपल्या टीमच्या सकाळ-संध्याकाळच्या ७८ घटनांपैकी चौदांना दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणी हात लावला नाही. त्यातल्या अकरा सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सात ते साडेआठ या वेळेतल्या. प्रायमरी तेव्हा बोरिवली फास्टच्या दारात उभा आहे, नाहीतर घाटकोपरच्या मेट्रोत. खिशातून फोन काढणंच मुश्कील, लॅपटॉपचं नावच नको. याहून वाईट म्हणजे जो फोन काढतो, तो अ‍ॅक दाबतो. अ‍ॅक झाला की एस्केलेशन थांबतं, आणि काम सुरू होतं घरी पोचल्यावर, चाळीस मिनिटांनी. नोंदीत मात्र प्रतिसाद एका मिनिटाचा दिसतो. म्हणून मोजताना अ‍ॅकच्या शेजारी सर्व्हरवरच्या पहिल्या लॉगिनची वेळ ठेवायची. दोहोंत मोठं अंतर पडलं, की तो अ‍ॅक नावापुरता होता.

यावर मुदत वाढवणं हा उपाय नाही. ऑन-कॉलच्या आठवड्यात प्रायमरीने घरून काम करावं, आणि ते शक्य नसेल तर त्या दीड-दीड तासापुरती प्रायमरीची जागा ऑफिसात बसलेल्या किंवा घरी पोचलेल्या माणसाकडे टूलमध्येच वळवावी. आणि रात्री ऑफिसला या, अशी पायरी धोरणात ठेवूच नये. मध्यरात्रीनंतर काही तास लोकल बंद असते.

शेवटची गोष्ट एकाच वेळी सगळ्यांना गाठणाऱ्या बिघाडाची. प्रायमरी दहात एकदा चुकतो, सेकंडरीही दहात एकदा, म्हणजे दोघं एकदम चुकण्याची शक्यता शंभरात एक. अडीचशे घटनांत दोन-तीन वेळा तिसऱ्यापर्यंत फोन जाईल. पण हा गुणाकार दोघांच्या चुकण्याचा एकमेकांशी संबंध नसेल तेव्हाच खरा. १२ ऑक्टोबर २०२०, सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड कोसळलं आणि मुंबईसह ठाणे, नवी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडमुळे अनेक इंजिनिअर तेव्हा घरून काम करत होते आणि घरचे राउटर बंद पडले. अंधेरी-बोरिवलीला अदानीची वीज, मुलुंडला महावितरणची, पण त्या सकाळी हा फरक कामी आला नाही. अशा दिवशी प्रायमरी, सेकंडरी आणि लीड तिघंही उपनगरांतच असतील, तर तिन्ही पायऱ्या एकदम निकामी होतात. म्हणून तिसरी पायरी पुण्याच्या किंवा नागपूरच्या माणसाची असावी. पावसाळ्यात तर हे सक्तीचं करावं.

नवी पाळी सुरू झाल्यावर तिमाहीने पुन्हा तीच नोंद काढायची. तिसऱ्यापर्यंत दोन-तीनऐवजी आठ-दहा फोन गेले असतील, तर दोघं एकाच कारणाने चुकत आहेत. ते कारण तारखा आणि वेळा पाहून सापडतं. सेकंडरीचा फोन वाजतो आणि त्याच मिनिटाला प्रायमरीचा अ‍ॅक येतो, असं वारंवार दिसलं तर पाच मिनिटं तोकडी पडत आहेत. ती सहा-सात करायची आणि तिसरी पायरीही तितकीच पुढे सरकवायची. आपल्या उदाहरणात पंधरा मिनिटांच्या मर्यादेत त्यासाठी एकाच मिनिटाची जागा आहे. त्याहून जास्त हवं असेल, तर व्हीपीएनला लागणारी पाच मिनिटं आधी कमी करावी लागतील. रात्रीच्या वेगळ्या लॉगिनची सोय कशी करायची आणि त्यात सुरक्षेचे कोणते धोके येतात, ते पुढच्या लेखांकात पाहू.