सहा महिने अपघाताच्या दिवसापासून

नाशिकचा ३८ वर्षांचा एक प्लंबर समजा. ट्रकने धडक दिली, दोन महिने रुग्णालयात काढून तो गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. दिवसकार्य आटोपून घर सावरेपर्यंत आणखी दोन महिने जातात. मग कुणीतरी म्हणतं, ‘क्लेमची केस करा.’ तोवर मुदतीतले जेमतेम दोन महिने उरलेले असतात.

कारण १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा सहा महिन्यांत दाखल करावा लागतो आणि ही मुदत मृत्यूपासून नव्हे, अपघातापासून मोजतात. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे. केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर वारसांनी थांबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दावा अपघात झाला तिथल्या किंवा वारस राहतात तिथल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात करता येतो. अपघात परजिल्ह्यात झाला म्हणून तिकडे खेटे घालण्याची गरज नाही. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रकची आरसी, विमा पॉलिसी आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती पोलिसांकडून मिळवाव्यात. मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, रेशनकार्ड आणि रुग्णालयाची बिलं घरच्यांनी जोडायची. सगळे वारस एकाच दाव्यात यायला हवेत. कुणी अर्जदार व्हायला तयार नसेल तर त्याला सामनेवाला करतात.

खरी अडचण येते उत्पन्नाची. प्लंबरकडे पगाराची चिठ्ठी नसते. त्याचं बँकेचं पासबुक, यूपीआयच्या नोंदी, कामाच्या पावत्या आणि नेहमी काम देणाऱ्या ठेकेदाराची साक्ष इथे उपयोगी पडते. यातलं काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं आणि तो अंदाज बहुधा कमीच असतो.

त्याची कमाई महिना १५,००० रुपये सिद्ध झाली, असं धरू. स्वयंरोजगार आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईपोटी त्यात ४० टक्के मिळवतात : २१,०००. अवलंबून असलेले चौघे, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतो : १५,७५०. वर्षाचे झाले १,८९,०००. या वयाला गुणक १५, म्हणजे २८,३५,००० रुपये. उपचारखर्च, अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची भरपाई वेगळी. कमाई १०,०००च धरली, तर हाच आकडा १८,९०,००० वर येतो. सव्वानऊ लाखांहून अधिकचा हा फरक केवळ पुराव्याचा आहे.

म्हणून त्याच्या खिशातली डायरी, मोबाइल, जुनी बिलबुकं यांतलं काहीही टाकून देऊ नका. त्याचं सिमकार्डही बंद करू नका, आणि हे सगळं घेऊन पहिल्याच महिन्यात वकिलाकडे जा.