सरासरीने रिकामे केलेले कपाट

समजा, एका दुकानात दररोज सरासरी 20 बेअरिंग खपतात. कमी-जास्तपणा, म्हणजे प्रमाण विचलन, 5. माल यायला 4 ते 10 दिवस, म्हणजे सरासरी 7. मग साठा कितीवर आला की नवी ऑर्डर द्यावी? बहुतेक जण 7 दिवस पक्के धरतात. त्या हिशेबाने 95 टक्के खात्रीसाठी 162 नग पुरतात.

आता हाच आकडा स्प्रेडशीटमध्ये तपासू. E1 मध्ये 162 लिहा आणि दुसऱ्या ओळीत ही सूत्रे:

```
A2: =RANDBETWEEN(4,10)
B2: =NORM.INV(RAND(),20*A2,5*SQRT(A2))
C2: =IF(B2>$E$1,1,0)
```

A मध्ये माल यायचे दिवस, B मध्ये तेवढ्या दिवसांतली मागणी, C मध्ये साठा संपला की 1. ही ओळ हजार ओळींपर्यंत खाली ओढा आणि C ची सरासरी काढा. ती 5 टक्क्यांऐवजी 34 च्या आसपास येते! तीनातल्या एका खेपेला गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत.

दोष गिऱ्हाइकांच्या लहरीचा नाही, ट्रकचा आहे. एक दिवस उशीर म्हणजे 20 नगांची जादा मागणी. E1 वाढवत नेल्यास 207-208 च्या आसपास तुटवडा 5 टक्क्यांवर येतो.

F9 दाबताच आकडे हलतात. हजार ओळींत टक्का-दीड टक्क्याचा फरक नशिबाचाच. म्हणून दोन धोरणे ताडताना A आणि B ‘मूल्ये’ म्हणून चिकटवून गोठवावीत. महिन्याला दोनच नग खपणाऱ्या वस्तूला मात्र B मधले सूत्र लावू नका, मागणी उणे निघेल.