विमापत्र वाचावे कसे?

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आधाराने दुर्ग जिल्ह्यात लोखंडकामाच्या अनेक लहान कर्मशाळा उभ्या राहिल्या. अशाच एका कर्मशाळेची कल्पना करू. तिच्या मालकासमोर दोन कंपन्यांची देकारपत्रे आहेत आणि त्यांपैकी एकीचा हप्ता बराच कमी आहे. दोन्ही विमापत्रे ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या नावाचीच आहेत. एका ठिकाणची पाच कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता असणाऱ्यांसाठी हा नमुना १ एप्रिल २०२१ पासून लागू झाला. त्याचा मूळ मजकूर सर्व कंपन्यांना समान असतो. मग हप्त्यात अंतर का पडते? याचे उत्तर शोधायचे ते विमापत्राला जोडलेल्या अनुसूचीत.

तेथे इमारत, यंत्रे आणि माल यांच्यापुढे विम्याची रक्कम लिहिलेली असते. आपल्या मालकाची यंत्रे आज नव्याने घ्यायची म्हटली, तर चाळीस लाख रुपये लागतील. स्वस्त देकारात मात्र यंत्रांपुढे तीस लाखच आहेत. बहुधा जुन्या हिशेबवहीतील घसारा वजा केलेला आकडा तसाच उतरवला गेला असावा. पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट हा नमुना माफ करतो. येथे ती पंचवीस टक्के आहे. अशा वेळी भरपाई त्याच प्रमाणात कापली जाते. आगीत आठ लाखांचे नुकसान झाले, तर मालकाच्या पदरी सहा लाखच पडतील, आणि त्यातूनही त्याने स्वतः सोसावयाची ठरलेली रक्कम वजा होईल. नुकसान तीस लाखांच्या आतच होते, हा त्याचा युक्तिवाद तेथे चालत नाही.

अपवादांचे प्रकरण सावकाश वाचावे. वेल्डिंगच्या यंत्रात शॉर्ट सर्किट होऊन ते जळाले, तर त्या यंत्राची भरपाई मिळत नाही. परंतु तीच आग शेजारच्या लेथवर पसरली, तर लेथचे नुकसान विम्यात येते. चोरीचेही असेच आहे. आग, पूर यांसारख्या विमाकृत घटनेमुळे आणि तिच्यानंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी धरली जाते. एरवी रात्री कुलूप फोडून तांब्याच्या तारा नेल्या, तर त्यासाठी निराळे विमापत्र हवे. ‘चोरी समाविष्ट’ एवढेच सांगणाऱ्या विक्रेत्याला ते कलम दाखवावयास सांगावे.

दाव्याच्या अटी शेवटच्या पानांवर असतात आणि त्या सहसा संकट आल्यावरच वाचल्या जातात. नुकसानीची सूचना कंपनीला ताबडतोब द्यावी लागते, आणि दाव्याचा अर्ज नुकसान प्रथम लक्षात आल्यापासून तीस दिवसांच्या आत भरावा लागतो. सर्वेक्षक येऊन पाहीपर्यंत जळके अवशेष हलवू नयेत. मात्र उरलेला माल पावसापासून वाचवणे मालकाचेच काम असते. यंत्रांची बिले आणि मालाची नोंदवही तो मागणारच. त्यांच्या प्रती कर्मशाळेतच ठेवल्या असतील, तर मालाबरोबर त्याही जळालेल्या असतात.

आपल्या मालकाने दुसरा देकार स्वीकारण्यापूर्वी पहिल्या कंपनीला एकच प्रश्न विचारावा: यंत्रांपुढे चाळीस लाख लिहिले, तर हप्ता किती होईल?