झोपेच्या खोलीची फोटोवरून तपासणी

रोजच्या वापरातली खोली डोळ्यांच्या सवयीची होते आणि सवयीच्या गोष्टी नजरेतून सुटतात. फोटोत तीच खोली परक्यासारखी दिसते. पडद्याच्या वरची फट, खुर्चीवर साठलेले कपडे, उशीच्या थेट वर आलेला एसी अशा गोष्टी मग आपोआप टिपल्या जातात. झोपेची खोली तपासण्यासाठी तीन फोटो पुरतात. पहिला दारात उभे राहून, दुसरा समोरच्या कोपऱ्यातून आणि तिसरा रात्री, सगळे दिवे मालवून, उशीच्या उंचीवरून. पहिल्या दोन फोटोंत वाइड लेन्स वापरली तर संपूर्ण खोली मावते, पण खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. त्यामुळे मापे टेपनेच घ्यावी लागतात.

नमुन्यादाखल शहरातल्या फ्लॅटमधली एक खोली घेता येईल. दक्षिणोत्तर ११ फूट, पूर्व-पश्चिम १० फूट. पूर्वेच्या भिंतीत रस्त्याकडची सरकती खिडकी, उत्तरेच्या भिंतीला दोन फूट खोल कपाट, आणि पश्चिमेच्या भिंतीत, उत्तर टोकाला दार. साडेसहा बाय पाच फुटांच्या पलंगाचे डोके खिडकीखाली आहे. दारातून काढलेल्या फोटोत हे लगेच दिसते. झोपणाऱ्याचे कान काचेपासून हातभर अंतरावर आहेत, पहाटेचे ऊन थेट तोंडावर येते आणि रस्त्यावरचा हॉर्न सर्वांत आधी तिथेच पोचतो.

पलंगाचे डोके दक्षिणेच्या भिंतीला लावले तर हिशेब असा बसतो. लांबीत साडेसहा फूट गेल्यावर साडेचार फूट उरतात. त्यातले दोन फूट कपाटाचे, म्हणजे कपाटासमोर अडीच फूट मोकळे राहतात आणि त्याचे दार उघडते. रुंदीत पलंगाचे पाच फूट वजा केल्यावर खिडकीच्या बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला तीन फूट जागा सुटते. रात्री उठणाऱ्याला जोडीदाराला ओलांडून जावे लागत नाही. उत्तरेकडे डोके करून झोपू नये ही अनेक घरांतली रूढी या मांडणीत सहज पाळली जाते. पलंग हलवण्यापूर्वी भिंतीपलीकडे काय आहे, हे मात्र पाहावे लागते. ते फोटोत दिसत नाही. शेजाऱ्यांचे न्हाणीघर किंवा लिफ्ट असेल तर पाण्याच्या पाइपांचा आणि मोटरचा आवाज थेट डोक्याशी येतो. पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेली ती भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते. तिथे पलंग टेकवू नये.

उजेडाची तपासणी रात्रीच्या फोटोवरून होते. डोळ्यांच्या पडद्यावरच्या काही पेशी दृश्य दाखवण्याऐवजी मेंदूला दिवस की रात्र एवढेच कळवतात. निळसर उजेडाला त्या विशेष संवेदनशील असतात आणि त्यांच्या इशाऱ्याने मेलॅटोनिन हे रात्रीचे संप्रेरक दबते. झोपेच्या वेळी डोळ्यांपाशी पोचणारा असा उजेड एक लक्सच्या आत असावा, अशी शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये केली. एक लक्स म्हणजे एका मेणबत्तीचा मीटरभर अंतरावर पडणारा उजेड.

इथे फोनचा कॅमेरा फसवतो. अंधार दिसला की तो आपोआप जास्त वेळ उजेड गोळा करतो आणि काळोखी खोलीही उजळ दाखवतो. सुधारणेआधीचा आणि नंतरचा फोटो मग सारखाच दिसतो आणि पडद्यावरचा खर्च वाया गेला असे वाटते. म्हणून फोनमधल्या प्रो मोडमध्ये आयएसओ ८०० आणि शटर एक सेकंद अशी आकडेवारी पक्की करावी, फोन उशीला टेकवून टायमर लावावा आणि दुसरा फोटोही त्याच जागेवरून, त्याच आकड्यांवर काढावा. या फोटोवरून लक्स मोजता येत नाहीत, पण उजेड कुठून येतो आणि तो कमी झाला की नाही, हे नक्की कळते.

नमुन्याच्या खोलीत रात्रीच्या फोटोत तीन ठिकाणे उजळतात. पडद्याची दांडी भिंतीपासून पुढे आहे, त्यामुळे वरून आणि दोन्ही कडांनी रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड छतावर पसरतो. नुसते जाड कापड लावून ही गळती थांबत नाही, कारण उजेड कापडातून नव्हे, कडेने येतो. दांडी चौकटीच्या दोन्ही बाजूंना सहा ते आठ इंच पुढे नेणे, पडद्याच्या कडा भिंतीकडे वळवणे आणि वर पेलमेट बसवणे हा त्यावरचा उपाय. दुसरे ठिकाण दाराखालची फट. तिथे सुताराकडून रबर किंवा ब्रशची पट्टी बसवता येते. तिसरे ठिकाण राउटर आणि चार्जरचे बारीक दिवे. त्यांना काळी इन्सुलेशन टेप पुरते. एसीवरचे आकडे पुष्कळदा रिमोटनेच बंद होतात. तिथे टेप लावताना रिमोटचा सेन्सर झाकला जाणार नाही, हे पाहावे.

पसाऱ्याची तपासणी दिवसाच्या फोटोंवर होते. फोटोवर बोटाने गोल काढत प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारावा: ही झोपेसाठी आहे का? इस्त्रीचे कपडे, लॅपटॉप, बिलांची फाइल यांना बहुधा नकारच मिळतो. रिचर्ड बूटझिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलेल्या निद्रानाशाच्या उपचाराचे सूत्र हेच आहे की पलंगाचा संबंध झोपेशीच जुळावा, कामाशी आणि काळजीशी नको. पलंगावर बसून कचेरीचे काम होत असेल तर ते आधी तिथून हलवावे. पलंगाखालच्या बोचक्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे झाडू पोचत नाही, धूळ साठते आणि ॲलर्जी असलेल्याचे नाक रात्री चोंदते.

आवाज फोटोत येत नाही, पण त्याच्या वाटा दिसतात. सरकत्या खिडकीच्या दोन तावदानांमधली फट, झिजलेला ब्रश, खिडकीबाहेरच टांगलेले एसीचे यंत्र. हवेला वाट मिळते तिथे आवाजालाही मिळते, म्हणून काच बदलण्याआधी फटी बुजवाव्यात. जाड पडदा खोलीतला घुमणारा आवाज थोडा शोषतो, बाहेरचा फारसा अडवत नाही. भारतातील ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने झोपेच्या खोलीत सततच्या आवाजासाठी ३० डेसिबल सुचवले आहेत. पंख्याच्या एकसुरी आवाजापेक्षा मध्येच वाजणारा हॉर्न झोप जास्त मोडतो. पंखा काही प्रमाणात त्याला झाकतोही.

एसी नसलेल्या घरात उन्हाळ्यात खिडकी उघडीच ठेवावी लागते. तेव्हा आवाज पूर्ण रोखता येत नाही आणि पलंग खिडकीपासून दूर नेणे हाच मोठा उपाय उरतो. तो फुकटही आहे. म्हणून कामाचा क्रम आधी पलंग, मग पसारा आणि टेप, त्यानंतर पडदा व पट्ट्या आणि शेवटी गरज पडली तरच काच, असा ठेवावा. एवढे करूनही आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, सलग तीन महिने झोप लागत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर दोष खोलीचा नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जावे.