तीन दिवस आणि नऊशे पानं

कम्प्युटर इंजिनिअरिंगची मुलं ज्याला नुसतं ‘गॅल्विन’ म्हणतात, ते ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक नऊशेहून जास्त पानांचं आहे. त्याची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर सत्राच्या सुरुवातीलाच येऊन पडते. अनेकजण ती उघडतात मात्र पेपर तोंडावर आल्यावर. माझी भाचीही पेपरच्या तीन दिवस आधी पहिल्या प्रकरणापासून वाचायला बसली होती. हा विषय मी शिकवतो, म्हणून तिला म्हटलं, “वाचन थांबव, आधी क्रम लावू.”

पहिलं काम आवृत्ती पाहण्याचं. आठव्या आवृत्तीत पाचवं प्रकरण सीपीयू शेड्युलिंगचं आणि सहावं सिंक्रोनायझेशनचं आहे. नवव्या आवृत्तीत ही दोन नेमकी उलट आहेत. सिलॅबसमधले प्रकरणांचे आकडे एका आवृत्तीचे आणि फाइल दुसऱ्या आवृत्तीची असेल, तर भलतंच वाचून होतं. तिची फाइल नवव्या आवृत्तीची निघाली. सुरुवातीच्या रोमन आकड्यांच्या पानांमुळे छापील पान आणि स्क्रीनवरचं पान यांतही फरक पडतो. तो एकदा मोजून वहीत लिहिला, म्हणजे अनुक्रमणिकेवरून थेट हव्या त्या पानावर जाता येतं.

मग सिलॅबस आणि अनुक्रमणिका शेजारी शेजारी ठेवल्या. वीसपैकी चौदापासून पुढची प्रकरणं, म्हणजे सिक्युरिटी, व्हर्च्युअल मशीन, लिनक्स, विंडोज ७ वगैरे, तिच्या पेपरला नव्हतीच. उरलेल्या तेरांपुढे जुन्या प्रश्नपत्रिका पाहून खुणा केल्या. सगळ्यांत जास्त खुणा शेड्युलिंगची गणितं, बँकर्स अल्गोरिदम आणि पेज रिप्लेसमेंट यांच्यापुढे पडल्या.

“मग पेज रिप्लेसमेंटच आधी करते ना, मामा. गुण जास्त आहेत,” ती म्हणाली. इथेच बरीच मुलं अडकतात. पेज रिप्लेसमेंट नवव्या प्रकरणात आहे, पण पेज आणि फ्रेम म्हणजे काय हे आठव्यात. ते कळलं नसेल तर नववं पाठ होतं, समजत नाही. उलट शेड्युलिंगला तिसऱ्या प्रकरणातल्या प्रोसेसच्या अवस्था कळल्या की पुरे. बँकर्सला प्रोसेस आणि रिसोर्स एवढ्या दोनच कल्पना लागतात. म्हणून ज्यांना मागचं थोडंच लागतं आणि गुणही भरपूर आहेत, ती सहावं आणि सातवं ही प्रकरणं पहिल्या दिवशी घेतली. दुसऱ्या दिवसासाठी आठव्यातलं फक्त पेजिंग, लगेच नववं आणि संध्याकाळी पाचव्यातले सेमाफोर ठेवले. आठव्यातली इंटेल आणि एआरएमची उदाहरणं सोडून दिली.

प्रकरण वाचायचं तेही उलट्या बाजूने. आधी शेवटचा सारांश, मग स्वाध्याय, मग त्या स्वाध्यायाला लागणारा भाग. पीडीएफमध्ये ‘deadlock’ शोधलं तर उल्लेखांचा ढीग समोर येतो. त्यापेक्षा पुस्तकामागची सूची बघावी. तिथे एखाद्या शब्दापुढे सुटं पान न देता सलग पानांचा पट्टा दिलेला असतो, तो बहुधा मुख्य विवेचनाचा.

दुसऱ्या दिवशी तिने नववं प्रकरण “झालं” म्हणून सांगितलं. पुस्तक मिटायला लावून मी पेजची ही क्रमवारी दिली: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. फीफो पद्धत, तीन फ्रेम. तिने रकाने आखून ९ पेज फॉल्ट काढले. बरोबर होते. चार फ्रेम दिल्यावर मात्र तिने न आखताच सांगितलं की फॉल्ट कमी होतील. आखून पाहिल्यावर १० आले. सुरुवातीच्या चार फॉल्टनंतर १ आणि २ सापडतात. पण फीफोला ते नुकतेच वापरल्याचं भान नसतं, आधी आलेलं पेज आधी जातं. त्यामुळे ५ आल्यावर १ बाहेर जातो आणि तिथून पुढे प्रत्येक पेज ते हवं असण्याच्या जरा आधीच गेलेलं असतं. फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढणं, हीच बेलाडीची विसंगती. वाचताना तिच्या डोळ्यांखालून ही व्याख्या गेली होती, कळली ती आखल्यावर.

या क्रमात नुकसानही आहे. फाइल सिस्टिमची दोन प्रकरणं तिने केवळ सारांशावर भागवली, आणि त्यांवर मोठा प्रश्न आला असता तर तो तिला सोडावा लागला असता. तीन दिवसांत काहीतरी सुटणारच. काय सोडायचं ते पहिल्याच दिवशी आपण ठरवावं. तिसरा दिवस नव्या प्रकरणासाठी वापरू नका. त्या दिवशी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवा आणि जिथे अडलात तेवढीच पानं पुन्हा उघडा.