अक्ष सरकला, त्रिज्या बदलल्या

आलेखाच्या कागदावर दहा सेंटिमीटर म्हणजे एक एकक असे प्रमाण धरा. आता `y = x` ही तिरकी सरळ रेषा काढा आणि तिच्यासोबत `y = x²` हा वक्र. दोन्ही शून्यापाशी एकत्र येतात, मग वेगळे होतात आणि `x = 1` पाशी पुन्हा भेटतात. सरळ रेषा वर, वक्र खाली आणि मधे दोन्ही टोकांना निमुळता झालेला एक तुकडा. त्याचे क्षेत्रफळ `1/6` चौरस एकक, म्हणजे साधारण १६.७ चौरस सेंटिमीटर भरते.

हा तुकडा जाड पुठ्ठ्यातून कापला आणि `x` अक्षाच्या जागी एक सळई धरून तिच्याभोवती पूर्ण एक फेरी फिरवला, असे समजू. त्याने हवेत जी जागा व्यापली तिचे घनफळ येते ४१९ मिलिलिटर. आता पुठ्ठा आहे तिथेच ठेवा आणि सळई मात्र दहा सेंटिमीटर खाली न्या. पुन्हा एक फेरी मारली की घनफळ होते १४६६ मिलिलिटर, म्हणजे बरोबर साडेतीन पट. पुठ्ठा तोच, त्याचे क्षेत्रफळ तेच, फेरीही एकच. मग वाढलेले लिटरभर घनफळ आले कुठून?

आपल्या वस्तूच्या स्वतःच्या अक्षाऐवजी दुसऱ्याच रेषेभोवती फिरवण्याचा हा प्रश्न चारशे वर्षे जुना आहे. आर्किमिडीजने अन्वस्त, दीर्घवर्तुळ अशा आकृत्या त्यांच्या स्वतःच्या अक्षांभोवती फिरवून घनफळे काढली होती. योहान्नेस केप्लरने त्यापुढचे पाऊल टाकले. १६१३ मध्ये त्याचे दुसरे लग्न झाले, तेव्हा घेतलेल्या दारूच्या पिंपांची मापे व्यापारी तिरकी सळई आत घालून काढतो, हे त्याने पाहिले आणि त्या पद्धतीवर तो विचार करू लागला. त्यातून १६१५ मध्ये लिंझ शहरात त्याचे पिंपांच्या घनफळावरचे लॅटिन पुस्तक छापले गेले. त्यात त्याने वर्तुळाचा भाग केंद्रातून न जाणाऱ्या रेषेभोवती फिरवला. जीवेच्या एका बाजूचा मोठा तुकडा फिरवला की सफरचंदासारखा घन तयार होतो, दुसऱ्या बाजूचा लहान तुकडा फिरवला की लिंबासारखा. ही नावे त्याचीच. त्याचा मार्ग होता घनाचे पातळ काप करून ते मोजण्याचा. आपणही तेच करू.

सळई आडवी आहे. तिला काटकोनात, म्हणजे उभे, पातळ काप घ्यायचे. मूळ पुठ्ठ्यावर असा एक काप म्हणजे वक्रापासून सरळ रेषेपर्यंतची एक उभी पट्टी. ती पट्टी सळईला चिकटलेली नाही, मधे रिकामी जागा आहे. त्यामुळे फिरवल्यावर भरीव चकती तयार होत नाही, मधे भोक असलेली चकती तयार होते. नटबोल्टच्या मधे बसवतात तो वॉशर नजरेसमोर आणला की पुरे. बाहेरच्या कडेची त्रिज्या `R`, भोकाची त्रिज्या `r` आणि जाडी `dx`. मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळातून भोकाचे क्षेत्रफळ वजा करायचे, जाडीने गुणायचे आणि असे सगळे वॉशर डावीकडून उजवीकडे जोडत जायचे:

`V = π ∫ (R² − r²) dx`

सूत्र एवढेच आहे आणि अक्ष कुठेही नेला तरी ते बदलत नाही. बदलतात ती `R` आणि `r` यांची मूल्ये. सवयीने गफलत होते ती इथेच. `x` अक्षाभोवतीची पुष्कळ गणिते सोडवली की `R` म्हणजे वरच्या रेषेचा `y` आणि `r` म्हणजे खालच्या रेषेचा `y` असे डोक्यात पक्के बसते. पण त्रिज्या म्हणजे अक्षापासूनचे अंतर. `x` अक्षावर `y` शून्य असतो, म्हणूनच तिथे अंतर आणि `y` यांची किंमत एकसारखी येते. अक्ष हलला की हा योगायोग संपतो.

`x = 0.5` इथली एकच पट्टी जवळून पाहू. तिचे वरचे टोक `0.5` उंचीवर आणि खालचे `0.25` उंचीवर आहे. सळई `x` अक्षावर असेल तर त्रिज्या याच: `0.5` आणि `0.25`. सळई `y = −1` वर नेली की दोन्ही टोके तिच्यापासून एकेक एककाने लांब जातात: `R = 1.5`, `r = 1.25`. आता सळई पुठ्ठ्याच्याही वर, `y = 2` या रेषेवर न्या. इथून पाहिले तर सरळ रेषा जवळ आहे आणि वक्र लांब. म्हणजे खालची कड आता बाहेरची झाली: `R = 2 − 0.25 = 1.75` आणि `r = 2 − 0.5 = 1.5`.

तिन्ही वेळा वॉशरची रुंदी `0.25` च राहिली. पण क्षेत्रफळे निघाली `0.1875π`, `0.6875π` आणि `0.8125π`. याचे कारण शाळेतल्या एका नित्यसमीकरणात आहे:

`R² − r² = (R − r)(R + r)`

पहिला कंस म्हणजे पट्टीची रुंदी. अक्ष सरकवला तरी ती हलत नाही. दुसरा कंस म्हणजे दोन्ही त्रिज्यांची बेरीज, ती मात्र अक्ष एक एकक खाली गेला की दोनने वाढते. तेवढ्याच रुंदीची पट्टी जास्त लांबच्या वाटेने फेरी मारते, म्हणून जास्त जागा व्यापते. वाढलेले लिटरभर घनफळ इथून आले.

आता पूर्ण गणित. अक्ष `y = −1` घेतला तर `R = x + 1` आणि `r = x² + 1`. वर्ग करून वजाबाकी केली की `2x − x² − x⁴` उरते आणि `0` ते `1` पर्यंत संकलन केले की

`V = π(1 − 1/3 − 1/5) = 7π/15`

अक्ष `y = 2` घेतला तर `R = 2 − x²` आणि `r = 2 − x`. वजाबाकी येते `x⁴ − 5x² + 4x`, आणि

`V = π(1/5 − 5/3 + 2) = 8π/15`

मूळ `x` अक्षाभोवतीचे उत्तर होते `2π/15`. आपल्या प्रमाणात ही तीन उत्तरे म्हणजे अनुक्रमे १४६६, १६७६ आणि ४१९ मिलिलिटर.

चूक झाली तर ती कशी ओळखायची? एक नेहमीची चूक म्हणजे आधी वजाबाकी आणि मग वर्ग, म्हणजे `R² − r²` ऐवजी `(R − r)²`. पट्टीची रुंदी अक्षावर अवलंबून नसल्यामुळे ही चूक करणाऱ्याला तिन्ही अक्षांसाठी एकच उत्तर मिळते, `π/30`. अक्ष हलवूनही उत्तर जागचे हलत नसेल तर वर्ग चुकीच्या जागी झाला आहे हे नक्की.

दुसरी चूक चिन्हाची. अक्ष `y = −1` आहे म्हणून अनेक जण `x − 1` आणि `x² − 1` लिहितात. तसे केले की उत्तर `−π/5` येते. ऋण घनफळ पाहून चूक झाल्याचे कळते, पण पुष्कळ जण ते ऋण चिन्ह पुसून `π/5` लिहितात आणि पुढे जातात. `π/5` हे खरोखरच एका घनाचे घनफळ आहे, फक्त तो घन `y = 1` या रेषेभोवती फिरवून मिळतो. अक्ष चुकीच्या बाजूला गेला आहे. उपाय साधा: सूत्रात काही भरण्याआधी आकृतीवर अक्षापासून दोन्ही कडांपर्यंत उभे बाण काढायचे. लांब बाण `R`, आखूड बाण `r`, आणि प्रत्येक बाणाची लांबी म्हणजे वरच्या टोकाच्या `y` मधून खालच्या टोकाचा `y` वजा. मग `x − (−1)` लिहिताना चिन्ह आपोआप बरोबर येते.

उत्तर पडताळायला एक स्वतंत्र मार्गही आहे. अलेक्झांड्रियाच्या पॅपसने चौथ्या शतकात तो नोंदवला आणि सतराव्या शतकात पॉल गुल्डिनने पुन्हा मांडला: घनफळ म्हणजे आकृतीचे क्षेत्रफळ गुणिले तिच्या गुरुत्वमध्याने एका फेरीत कापलेले अंतर. आपल्या तुकड्याचा गुरुत्वमध्य `2/5` उंचीवर आहे. `y = −1` पासून तो `7/5` अंतरावर पडतो, म्हणून घनफळ `2π × 7/5 × 1/6 = 7π/15`. `y = 2` पासून अंतर `8/5`, म्हणून `8π/15`. दोन्ही उत्तरे जुळली. सळई एक एकक खाली नेल्यावर होणारी वाढ `2π × 1 × 1/6 = π/3`, म्हणजे १०४७ मिलिलिटर, हेही यातून एका ओळीत निघते.

मात्र वॉशरचे गणित असो की पॅपसचा नियम, दोन्हींना एक अट आहे. अक्षाने आकृतीला छेदता कामा नये. सळई `y = 1/2` वर ठेवली तर ती पुठ्ठ्याच्या मधूनच जाते. ठोकळेबाज पद्धतीने `R = 1/2 − x²` आणि `r = 1/2 − x` घेतले तर `π/30`, म्हणजे साधारण ०.१०५ हे उत्तर येते. ते धन आहे, दिसायला ठीकठाक आहे आणि चुकीचे आहे. कारण `x = 0.5` पासून सुमारे `0.707` पर्यंत सळई प्रत्येक पट्टीच्या पोटातून जाते. तिथे वॉशरला भोक पडतच नाही, भरीव चकती होते. तिची त्रिज्या म्हणजे पट्टीच्या दोन टोकांपैकी जे लांब असेल त्याचे अंतर. `x = 0.618` च्या आसपासपर्यंत खालचे टोक लांब असते, त्यानंतर वरचे. म्हणून संकलनाचे चार तुकडे करावे लागतात: आधी वॉशर, मग दोन प्रकारच्या चकत्या, मग पुन्हा वॉशर. तसे केले की खरे घनफळ सुमारे ०.२२३ घन एकक येते, ठोकळेबाज उत्तराच्या दुपटीहून जास्त. हे टाळायचे तर `R` आणि `r` लिहिण्याआधी आकृतीवर अक्षाची रेषा ओढून पाहायची. ती आकृतीच्या बाहेरून गेली तर एकच संकलन पुरते. आतून गेली तर ती कडांना जिथे छेदते तिथे संकलन तोडायचे, आणि मधल्या भागात लांबचे टोक जिथे बदलते तिथेही.